तसबिरीतली भेगाळ जमीन

खैरुनबीनं ती तसबीर चारदा उजेडात धरली आणि चारही वेळा थोरल्याला शिव्या घातल्या. दोन वर्षांमागं हा थोरला, बादशहा, तिच्याशी भांडून घरातनं गेला, तो गेलाच. आज सयाजी फोटोवाल्याच्या दुकानात भिंतीवरच्या तसबिरीत अवचित दिसला: अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावर, पाठमोरा, डावा खांदा वर. विहिरी खोदणाऱ्यांचं घर. पहारीनं वाकडा झालेला पोराचा खांदा आई विसरते होय?

"कोकणातली हाय," सयाजी म्हणाला. "तांबडी माती तसबिरीत काळीच उमटतीया."

पण सयाजीनं यंदा दोन सफरी केल्या होत्या, एक घाटाखाली कोकणची, एक घाटावर माण-खटावची, आणि फोटोच्या काचांवर लावलेल्या गावांच्या चिठ्ठ्या ओलीनं गळून गेल्या होत्या. दारात धाकटा इकबाल गाडी जुंपून खोळंबला होता. रोहिण्यांचा पाऊस यायला आठच दिवस. पाऊस पडला की विहिरीचं काम उठतं, खोदणारे पांगतात. तेवढ्यात फेरी एकाच मुलखाची होणार.

"अम्मा, कोकणात घाट उतरायचा का न्हाय? बैल ताटकळलं."

"बैल गप उभं हायत. त्यांच्याकडनं शीक."

ती परत तसबिरीवर वाकली. "मागच्या डोंगराचा माथा बघ, तव्यागत सपाट. आपला देश हाय ह्यो, कोकण न्हवं."

"कोकणातला जांभ्याचा सडाबी माथ्यावर सपाटच की, चाची."

खैरुनबी चरफडली. खरं होतं. तिनं बोट खाली सरकवलं. "डोंगराच्या उतारावरच्या ह्या पायऱ्या बघ. कठीण काळा दगड उभा ऱ्हातो, मधला मऊ थर झिजून उतरतो. जांभा सगळा भोकाभोकाचा. त्यो असा थरावर थर बसत न्हाय."

"कोकणातनं घाटाकडं बघितलं तरी पायऱ्याच दिसत्यात."

"तोंड लई चालतंय तुझं. काचा मातूर सांभाळता येईनात!" तिनं पदरानं घाम पुसला, दारापर्यंत जाऊन आली. मग तसबीर नाकाला लावली आणि थबकली. बादशहाच्या पायाशी जमीन फाटली होती. हात जाईल एवढाल्या भेगा. विहिरीच्या कडेला वर मातीचा जाड काळा थर, खाली मुरूम, त्याखाली खडक.

"रंग खोटा बोलंल," ती हळूच म्हणाली, "भेगा बोलत न्हाईत. तांबडी माती उन्हात अशी तडकत न्हाय. आकसून फाटती ती काळी. माण-खटावची हाय ही तसबीर."

सयाजीनं तसबिरीवर वाकून त्या भेगा न्याहाळल्या.

"आगं, पर तिकडं गाव कुठलं?" इकबाल कळवळला.

"दगूड मुलूख सांगतो, गाव न्हाय. गाव तोंडानं इचारायचं. गाडी ठेसनावर घे, मिरजेची आगगाडी धरायची."

"तू बी येणार?"

"माझ्या तोंडापायी गेला न्हवं? मग तेच तोंड न्यायला नको?"

ती गाडीत चढली. तसबीर पदराखाली होती.

"चाची, माझी तसबीर!" सयाजी ओरडला.

"हाक की रे!" ती इकबालला म्हणाली. मागं वळून बघायला तिला सवड नव्हती.