गरमागरम पोळीचा बोर्ड

दीपमालाने पुनावळ्यातल्या आपल्या डबा-केंद्रावर ‘गरमागरम पोळी’ असा झोकदार बोर्ड लावला आणि वाकडहून मागणी दुप्पट झाली. पण लगेच तक्रारी आल्या, पोळ्या गार आणि वातड. तिने महागडे डबे आणले, तरी तेच. शेवटी ती डबे पोचवणाऱ्या भीमराजच्या मागे स्कूटरवर बसली. सगळ्या पोळ्या सकाळीच भाजलेल्या आणि वाकडभर फिरणारा हा एकटा! शेवटच्या इमारतीत पोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली.

“बोर्ड नवा लावला, पण काम जुन्याच पद्धतीने चाललंय की रे!” ती म्हणाली.

मग तिने पोळ्या करणाऱ्या बायकांच्या वेळा बदलल्या, दोन खेपांत पोळ्या भाजायला लावल्या आणि भीमराजच्या जोडीला आणखी एकजण ठेवला. सोमवारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “ताई, आज पोळीने बोट भाजलं!”

दीपमाला इतकी खूश झाली, की माफी मागायचंच विसरली.