टाकीतलं जुनं पाणी

अप्पांच्या छातीत शिट्टी वाजत होती, आणि ती कूलरमुळे वाजतेय असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "आधी तो कुबट वास घालवा. नाहीतर औषधं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." घरात हे सगळ्यांना पटलं, एका अप्पांना सोडून. ते कूलरला कुणाला हात लावू देईनात. शेवटी सुनेने नणंदेला बोलावलं. थोरल्या लेकीपुढे अप्पांचं फारसं चालत नसे. लेक सकाळी आली, संध्याकाळच्या गाडीने परतायचं ठरवूनच.

"काढू नकोस गं त्याला," अप्पा पलंगावरून म्हणाले. "दुपारी तुझी आई येते त्यातून. केस धुऊन आली की कसा वास यायचा, तसाच येतो."

आई मागच्या पावसाळ्यात गेली होती. तरीही लेक बधली नाही. वासासाठी बापाचा श्वास कोण पणाला लावेल? तिने कूलरची पिन काढली आणि वहिनीच्या मदतीने चाकांवरून तो बाल्कनीत ढकलला.

तळाचं बूच उघडलं तेव्हा तिला वाटलं होतं, यंदा अजून पाणी भरलं नसेल, टाकी कधीचीच कोरडी पडली असेल. पण हिरवटकाळं पाणी बदाबदा बाहेर आलं, आणि येतच राहिलं.

"हिवाळाभर यात पाणी कुणी घातलं?" तिने विचारलं.

वहिनीने पलंगाकडे पाहिलं. "अप्पा घालायचे, ताई. रोज तांब्याभर. म्हणायचे, शेवटची टाकी तिने भरलीय, ते पाणी संपू द्यायचं नाही. विरजण राखतात ना, तसं राखत होते. मी बोलले तर आठवडाभर अबोला धरला."

लेकीला राग आला होता आणि रडूही. दोन्ही गिळून तिने हातमोजे चढवले.

टाकीच्या कडांना बुळबुळीत थर होता. तो साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने सुटला. खालचा पांढरा क्षार मात्र हटेना. त्यावर तिने व्हिनेगर ओतून ठेवलं. वहिनी ब्लीचिंगची बाटली घेऊन आली, तशी ती कडाडली, "ते यात अजिबात नको. दोन्ही एकत्र झाले की विषारी वायू होतो. मग अप्पांच्या आधी आपलाच नंबर."

मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तिने मऊ ब्रशने हलक्या हाताने घासल्या. एक जाळी आतून काळी पडून कुजली होती. ती टाकून दिली आणि येताना आणलेली नवी बसवायला काढली. वरच्या पन्हाळीतली बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. मग पंप उघडला. त्याच्या गाळणीला एक लांब पांढरा केस गुंडाळला होता. सगळीकडे शेवाळ, पण केस स्वच्छ होता. तिने तो ओढला. तो येतच राहिला, आईचे केस होते त्याहूनही लांब. वहिनीला न दाखवता तिने तो नळाखाली सोडून दिला.

सगळं खळखळून धुतलं, उन्हात कोरडं केलं. दुपारी कूलर जागेवर गेला. पाणी न भरता तिने आधी नुसता पंखा लावला, उरलासुरला ओलावा जावा म्हणून. वाऱ्याला कसलाच वास नव्हता. अप्पा बराच वेळ त्या वाऱ्याकडे तोंड करून पडून राहिले.

"घालवलीस तिला," ते हळूच म्हणाले. छातीतली शिट्टी मात्र थांबली होती.

त्यांचे डोळे मिटले. ती उठून पिशवी भरायला लागली. तेवढ्यात तो वास आला. शेवाळाचा नव्हे, धुतलेल्या, ओल्या केसांचा. तिने पंखा बंद केला. वास तसाच. टाकीत हात घालून पाहिलं, तर टाकी ठणठणीत कोरडी. मग तिने स्वतःचा तळहात नाकाशी नेला. वास तिथूनच येत होता. हातमोजे घातले होते, नंतर दोनदा साबणही लावला होता.

अप्पांनी डोळे न उघडता हात पुढे केला. तिचा हात धरून नाकाशी नेला आणि खोल, मोकळा श्वास घेतला. कितीतरी महिन्यांत त्यांनी असा श्वास घेतला नव्हता.

"आलीस का गं?" ते म्हणाले. "आज उशीर केलास."

अप्पा, मी आहे, तुमची लेक, असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून शब्द आले ते असे, "हो, आले."

"आता जाऊ नकोस."

वहिनी दारात उभी होती. "ताई, रिक्षा बोलावू ना? गाडी चुकेल तुमची."

तिने हात सोडवून पाहिला. अप्पांची पकड सैलच होती. पण हात जरा मागे घेताच त्यांच्या छातीत शिट्टी सुरू झाली. पुन्हा नाकाशी नेला, तर थांबली.

"नको बोलावूस," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.