तीन कडांचा देठ

पाणथळ जागांच्या पाहणीत आलेले फोटो अण्णांकडे जायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वनस्पती ओळखायला कार्यालयाला त्यांच्याशिवाय कुणी सुचत नसे. जागा कोरडी ठरली की तिथे भराव टाकायला परवानगी मिळे. त्यांचा निकाल तपासायचं काम त्याच कार्यालयातल्या त्यांच्या लेकीकडे होतं. तपासायचं कसलं, ती डोळे झाकून सही करायची.

त्या दुपारी तिने सहज एक फोटो मोठा केला. नदीकाठची सखल जमीन. अण्णांनी लिहिलं होतं, ‘गवत. जागा कोरडी.’ पण देठावर एकही पेर नव्हतं. कापलेल्या टोकाला तीन कोपरे दिसत होते, आत भरीव. पानाच्या मधोमध खाली धारदार कणा, वर दोन्ही बाजूंना एकेक ठसठशीत कंगोरा. लव्हाळा! पुढच्या फोटोतला देठ गोल होता खरा, पण तोही बिनपेरांचा, आत पांढरा भेंड. म्हणजे जंकस, गवतासारखीच दिसणारी वनस्पती. दोन्ही ओल्या चिखलात वाढणाऱ्या जाती; जागा कोरडी नव्हतीच.

तिने तो पहिला फोटो छापून घेतला आणि घरी जाऊन अण्णांसमोर धरला.

“अण्णा, देठ कसा आहे?”

“गोल. पेरं असलेला. गवतच गं.”

“आणि पान?”

“चपटं. वर बारीक कंगोरे, शेजारी शेजारी. किती वेळा शिकवलं तुला!”

फोटोत काय आहे हे ते सांगतच नव्हते. गवत कसं असतं ते सांगत होते.

“अण्णा, फोटो उलटा धरलाय मी, खालची बाजू वर.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मधलं जातं,” ते म्हणाले. “कडेकडेचं दिसतं, बरोबर समोर बघावं तिथे धूर.”

“केव्हापासून?”

“गेल्या हिवाळ्यापासून.”

“मला सांगायचं होतंत ना!”

“सांगून काय, कार्यालयवाले फोटो पाठवायचे थांबले असते.” मग हळूच, “तू तरी बघत होतीस ना गं?”

तिने फोटो घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयातल्या साहेबांना सगळं सांगितलं आणि गेल्या हिवाळ्यापासूनचे फोटो पुन्हा उघडले. नदीकाठच्या जमिनीवरचा भराव थांबवता आला. पण पंपघराच्या मागच्या पावसाळी तळ्याच्या फोटोंखाली ‘जागा कोरडी’ हा शेरा आणि तिची सही होती. तिथेही तीच तीन कडांची दाटी होती. ती तडक तिकडे गेली. तळं नव्हतंच. विटांचे तुकडे, माती, त्यावर फिरणारा रोलर. दगडांच्या कडेला लव्हाळ्याचा एक पिवळा पडलेला झुबका तेवढा उरला होता.

तिने देठ तोडून बोटांत फिरवला. कडा बोटांना बोचत होत्या.

“बाई, बाजूला व्हा,” रोलरवाला ओरडला.

ती बाजूला झाली.