आकृतीचा एक गुण

नणंद जेव्हा भावजयीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला येते, तेव्हा त्या खोलीत पंखासुद्धा जपून फिरतो. दहावीच्या सराव परीक्षेचे गणिताचे पेपर भावजयीने तपासले होते. नणंदबाई दुसऱ्या शाखेतून फेरतपासणीसाठी आल्या होत्या. पोरं त्यांना 'करवत' म्हणत, आणि पोरांचं सहसा चुकत नाही.

हिशेब सरळ होता. निवडलेल्या पाच पेपरांपैकी एकातही मोठा फरक निघाला, तर भावजयीकडून दहावीचा वर्ग जाणार. तो वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण. चार पेपरांत करवतीला चावायला काही सापडलं नाही. पाचव्यात सापडलं.

"हे काय दिवे लावलेत?" नणंदबाईंनी पेपर टेबलावर आपटला. समोर हेडबाई बसल्या होत्या, म्हणून निदान सूर शाळेतला होता.

गणित असं: दीड मीटर उंचीचा निरीक्षक चिमणीपासून तीस मीटर अंतरावर उभा आहे. त्याच्या डोळ्यापाशी चिमणीच्या टोकाचा उन्नत कोन साठ अंश. चिमणीची उंची काढा. गुण चार: आकृती, गुणोत्तर, किंमत आणि शेवटी निरीक्षकाची उंची मिळवून उत्तर, प्रत्येकी एक. त्या मुलीने साठ अंशाचा कोन डोळ्यापाशी न दाखवता वर, चिमणीच्या टोकापाशी दाखवला होता. मग तिच्या आकृतीप्रमाणे टॅन साठ बरोबर तीस भागिले उंची. त्यातून आले सतरा पूर्णांक तीन, त्यात दीड मिळवून अठरा पूर्णांक आठ मीटर. खरं उत्तर त्रेपन्न पूर्णांक चार.

"आणि तू चारातले तीन दिलेस!" नणंदबाई म्हणाल्या. "अगं, कोन पंचेचाळीसच्या वर गेला की उंची अंतरापेक्षा जास्तच यायला हवी. तीस मीटर अंतर आणि चिमणी अठराची? शून्य."

"म्हणूनच आकृतीचा गुण कापलाय, मॅडम," भावजय म्हणाली. आवाज कापत होता, तो भीतीने नव्हे, संतापाने. "पण त्या आकृतीवरून गुणोत्तर बरोबर आहे. वर्गमूळ तीनची किंमत बरोबर टाकली आहे. दीड मीटर मिळवायला अर्धा वर्ग विसरला, ही विसरली नाही. एका चुकीसाठी चारदा का मारायचं तिला?"

"पायाच वाकडा असला की वरचे मजले कोण मोजतं?"

"आपण मोजतो. त्याचाच पगार घेतो."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. दोघींच्या मध्ये पडायची त्यांना मुळीच हौस नव्हती. "आधीची चूक पुढे आली तर पुन्हा कापायची नाही, हे आपलं ठरलेलं आहे," त्या म्हणाल्या. "तीनच राहतील. वर्गही राहील." एवढं बोलून त्या तासाची घंटा बघायला म्हणून उठल्या आणि दार ओढून गेल्या.

नणंदबाईंनी तिनावर हिरवी सही केली. कागद फाटेल इतका पेन दाबून.

जिंकल्यावर गप्प बसावं, हे भावजयीला कळत होतं. पण बरीच वर्षं साठलेलं होतं. सासरे गेले त्या दिवशी ती परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होती, फोन बाहेर जमा. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर सासूबाईंचं आजारपण तिने एकटीने काढलं, दिराचं लग्न तिने उभं केलं. नणंदबाईंनी तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

"वन्सं," ती म्हणाली. दोघीच असल्या की ती असंच म्हणायची. "माझीही आकृती एकदा चुकली. पुढच्या पायऱ्या तुम्ही कधी वाचल्यात?"

नणंदबाईंनी पेनाचं टोपण लावलं. डोळे भरून आले होते, पण त्यांत माया नव्हती.

"बाबा शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते. माझं नाही, तुझं. मी उशाशी बसले होते. त्याचे गुण कोणत्या पायरीला देऊ, सांग."

हे भावजयीला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. क्षणभर वाटलं, हात धरावा. मग तिला समजलं, ही बाई आजवर तिची चूक कापत नव्हती. ती वडिलांचे गुण कापत होती, तिच्या पेपरात.

तिने उरलेला गठ्ठा उचलून बरोबर नणंदबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"अजून हवे तर हे घ्या तपासायला," ती म्हणाली, "मॅडम."