शोकसभेतले बूट

लेखिकेचा आठ मिनिटांचा विनोदी लघुपट पहिल्यांदा वीस जणांना दाखवला, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती संकलकाच्या खोलीत तोंड पाडून बसली.

गोष्ट सरळ होती. शोकसभेला उशिरा आलेला माणूस मागच्या दारातून पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे जातो आणि त्याचे नवे बूट कुईकुई वाजतात. विधवेचं काम लेखिकेच्या मावशीने केलं होतं. मावशीचे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं, पण "भिंतींशी किती बोलू?" म्हणत ती हौसेने उभी राहिली होती.

"बूट किती वेळा वाजतात?" संकलकाने विचारलं.

"पाच. मग तो बूट काढतो, आणि बसताना गुडघा वाजतो."

"तोवर लोक कंटाळले! पहिल्यांदा कळतं, दुसऱ्यांदा सवय लागते, तिसऱ्यांदा चकवायचं. तीन कुया काढ."

स्वतः लिहिलेल्या तीन कुया गेल्या. मग त्याने बोट ठेवलं, सभेच्या अध्यक्षांच्या "दोन मिनिटं शांतता पाळूया" या वाक्यावर. ते पहिल्या आवाजानंतर येत होतं. गप्प बसायचंय हेच ठाऊक नसेल, तर आवाजाची पंचाईत कळणार कशी? वाक्य पुढे आणलं. अनवाणी चालणं मात्र त्याने कापलं नाही.

"लांबलंय," ती म्हणाली.

"लोकांना सुटलो असं वाटू दे. मग गुडघा."

गुडघा कडकन वाजला, आणि लगेच अध्यक्ष बोलू लागले. तिथे संकलक थांबला. हसू यायच्या आतच वाक्य येऊन ते बुडवत होतं. मध्ये एक मुका चेहरा हवा होता. न वापरलेल्या चित्रणात शोधता शोधता त्याला मावशी सापडली: ओठ घट्ट मिटलेले, खांदे गदगदतायत.

"हे नको," लेखिका म्हणाली. "ती खरंच हसली होती. तिच्याच दुःखावर हसवल्यासारखं होईल."

"मग तिलाच विचार."

तिने मावशीला फोन लावून सगळं सांगितलं.

"ठेव गं ते हसू. तुझ्या काकांच्या सभेत कोणाचा तरी फोन वाजला, भलत्याच गाण्याचा. ओठ चावून बसले होते मी. घरी येऊन हसले, मग रडले. हसले हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं."

चेहरा चार सेकंद राहिला.

पुढच्या खेळाला दोन कुयांना खुसखुस झाली, अनवाणी पावलांना खोली निःशब्द झाली आणि गुडघ्याला हशा फुटला. तो ओसरायच्या बेतात मावशीचे खांदे दिसले आणि पुन्हा उसळला. अध्यक्षांचं वाक्य तो विरल्यावरच आलं. प्रत्येक शब्द ऐकू गेला.

लेखिकेने वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत मावशी डोळे पुसत होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "मीच ती."