आगीचा जोड

आमचं पाइप-फिटिंगचं दुकान नाशिक रोडला आहे, आणि दुकानात मी बसते. नवरा कामांच्या साइटवर फिरतो. गल्ल्यावर बाई दिसली की पुरुष गिऱ्हाईक आधी विचारतं, "शेठ नाहीत का?" मी म्हणते, "शेठच बोलतेय. काय हवंय?" मग सीपीव्हीसी आणि पीपीआर या गरम पाण्याच्या पाइपांतलं काय घ्यायचं, यावर अर्धा तास माझं डोकं खातं आणि शेवटी शेजाऱ्यानं घेतलं तेच घेतं. पाइपाच्या बाबतीत माणसं ऐकत नाहीत, हे मला पाठ झालेलं आहे. पण माझ्याच माहेरच्या पाइपानं मला असं गप्प केलं, की अजून तो पाइप असलेल्या भिंतीपुढे गेले की आवाज आपोआप खाली येतो.

माहेर एकलहऱ्याच्या अलीकडे. थोडी जमीन, त्यात कोथिंबीर, मेथी, कडेनं शेवंती. नाना, म्हणजे माझे वडील गोटीराम, आणि आई आक्काबाई तिथेच राहतात. आईला साखरेचा त्रास आहे आणि दृष्टी मंदावली आहे. गेल्या हिवाळ्यात बंबातलं कढत पाणी बादलीत ओतताना तिच्या पायावर सांडलं. तिला कळलंच नाही. पायाची जाणीवच गेली होती. फोड आलेला नानांनी पाहिला तेव्हा ती शांतपणे चहा पीत होती.

तेव्हापासून नाना तिला अंघोळ घालायचे. पाण्यात स्वतःचा हात घालून, कोमट करून, तांब्या तांब्यानं. नवऱ्यानं अंघोळ घालायची, ही गोष्ट आईला जखमेपेक्षा जास्त झोंबली. एकदा मला म्हणाली, "उज्वला, मला एकटीला अंघोळ करायचीय. दार लावून." बस, एवढंच मागणं. मी म्हटलं, करून देते.

गच्चीवर पाणी तापवणारं सोलर होतंच, फक्त जुन्या लाइनीतून पाणी येईना म्हणून पडून होतं. मी ठरवलं, नवं बाथरूम काढायचं, गरम आणि गार अशा दोन लाइनी टाकायच्या, आणि भिंतीवर असा मिक्सर लावायचा जो आपण ठरवू त्यापेक्षा गरम पाणी सोडतच नाही. जुनी लाइन लोखंडी जीआयची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की आतून क्षार आणि गंज चढून तिच्यात करंगळीही जाईना. ती बाद. साधा पांढरा यूपीव्हीसी गार पाण्याला ठीक, गरम पाण्यात मऊ पडतो. तांब्याचा पाइप उत्तम, पण तो झाळणारा माणूस आमच्याकडे शोधून सापडत नाही. राहिले दोन, सीपीव्हीसी आणि पीपीआर. मी सीपीव्हीसी निवडला. पिवळसर पाइप, खास गरम पाण्यासाठी केलेला, त्याचं सोल्युशन लावून फिटिंगमध्ये बसवायचा. दुकानात माल होता, आमचा प्लंबर पुंजा त्यात वाकबगार होता. निवड चुकीची नव्हती, हे मी आजही ठासून सांगेन.

चूक दुसरीकडे झाली. पुंजाच्या मेहुणीचं लग्न निघालं आणि काम दोन दिवस थांबलं. मागच्या भिंतीवरचा एक तुकडा जोडायचा राहिला होता, कपलर, म्हणजे दोन पाइप सांधणारा तुकडा, कमी पडला होता. नानांना काम पडून राहिलेलं बघवत नाही. शेतातली पाइपलाइन त्यांनी आयुष्यभर स्वतः जोडली. पाचट पेटवायचं, पाइपाचं तोंड जाळावर फिरवून मऊ करायचं, दुसऱ्या पाइपावर दाबून रुंद करायचं, सोल्युशन चोपडायचं की झाला जोड. शिवारात निम्मे जोड असेच आहेत. नानांनी सीपीव्हीसीला तेच केलं. वर शेतातल्या डब्यातलं साध्या पीव्हीसीचं सोल्युशन लावलं, आणि कामाचा उरक दाखवायला वरून सिमेंटही लिंपून टाकलं. कुणाला बोलले नाहीत.

पुंजा आला. भिंत लिंपलेली पाहून त्याला वाटलं मी कुणाकडून तरी उरकून घेतलं, मला वाटलं त्यानंच. त्यानं हातपंपानं लाइनीत गार पाण्याचा दाब भरला, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही. आम्ही खूश. मग मी स्वतः सोलरचं पाणी सोडलं. आई आत बाथरूममध्ये स्टुलावर बसून बघत होती, हात फिरवून मिक्सर चाचपत होती. थोडा वेळ गेला आणि भिंतीमागे फाडकन आवाज झाला. सिमेंटचा पोपडा उडाला, वाफाळतं पाणी अंगणात फेकलं गेलं, आणि आतून आई किंचाळली. तिला काही लागलं नव्हतं. पण ती भिंत धरत धरत तडक बाहेर आली.

मी पोपडा काढून पाहिलं. जाळानं काळपटलेलं, एका अंगाला पातळ झालेलं तोंड, आणि त्यातून निसटलेला पाइप. गार पाण्यानं जोड धरून ठेवला होता, गरम पाण्यानं साध्या सोल्युशनची पकड सोडवली. माझा पारा चढला. "नाना, हे शेत आहे का? इथं आई बसणार होती! थोडा दम धरता येत नव्हता?"

नाना खालमानेनं म्हणाले, "मला वाटलं, आगीचा जोड हाय, सुटायचा नाय."

आई ओट्यावर बसून होती. ती म्हणाली, "मला नको ती न्हाणी. बंद करून टाका. माझं तांब्यानं बरं चाललंय."

पुंजा म्हणाला, "आक्का, कपलर टाकून नीट जोडतो. काही होत नाही."

"चिकटवलेलं नको मला," आई म्हणाली. "चिकटवलेलं सुटतं."

मी समजावलं, की सीपीव्हीसीचं सोल्युशन नुसतं चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं, नीट केलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो. हे सगळं खरं होतं आणि त्याचा तिळमात्र उपयोग नव्हता. पाइपावर दाब छापलेला असतो, तापमान छापलेलं असतं. माणसाच्या भीतीला किती पुरेल, ते कुठेच छापलेलं नसतं. गिऱ्हाइकाला मी सुनावलं असतं. आईला काय सुनावणार?

"मग पीपीआर करू," मी म्हटलं. पुंजा माझ्याकडे बघतच राहिला, कारण तयार लाइन उखडायची होती. पण दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन आला.

पीपीआरला सोल्युशन चालतच नाही, तो वितळवूनच जोडावा लागतो. जाड भिंतीचा पाइप. गरम लाइनीसाठी मी आत फायबरचा थर असलेला घेतला, कारण साधा पीपीआर तापला की फार लांबतो. उन्हाळ्यात सोलरचं पाणी सत्तर अंशांच्या वर जातं आणि रोज रोज तेवढं या पाइपालाही सोसवत नाही, म्हणून टाकीच्या तोंडाशी गार पाणी मिसळून तापमान उतरवणारा व्हॉल्व्ह बसवला. हे सगळं मी दुकानात शंभरदा सांगितलंय. पण खरं सांगते, विकणाऱ्या बाईनं जोड होताना कधी लक्ष देऊन पाहिलेला नव्हता.

मशीन म्हणजे इस्त्रीसारखी तापणारी एक पट्टी. तिच्या एका बाजूला खुंटी, दुसऱ्या बाजूला वाटी. अडीचशेच्या वर तापते. पुंजानं पाइपाचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसलं, किती आत घालायचं तिथे खूण केली. मग एका बाजूनं पाइप वाटीत आणि दुसऱ्या बाजूनं फिटिंग खुंटीवर सरळ ढकललं, न पिळता. दोन-चार श्वास झाले असतील. त्यानं दोन्ही ओढून काढले, एकमेकांत सरळ सारले आणि नुसते धरून ठेवले. जोडाच्या तोंडाशी वितळलेल्या पाइपाची गोल कडी फुगून आली आणि बघता बघता तिची चमक गेली.

"झालं?" नानांनी विचारलं.

"झालं. गार होऊ द्या, हलवू नका," पुंजा म्हणाला.

नंतर त्यानं आईसाठी म्हणून एक नमुन्याचा जोड केला आणि गार झाल्यावर करवतीनं उभा चिरला. दोन फाका झाल्या. एक मी घेतली, एक नानांनी. मी डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली, तिरकी केली. पाइप कुठं संपतो आणि फिटिंग कुठं सुरू होतं, ती रेघच नव्हती. आत रेघ शोधणारी मी एकटी वेडी. आधी दोन वस्तू होत्या, आता एक होती आणि मधलं काहीच उरलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. प्लास्टिकच्या तुकड्यावर काटा येतो का कुणाला? आला खरा.

नानांनी त्यांची फाक आईच्या हातात दिली. आईचे पाय बधिर, पण बोटं शाबूत. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून तयार झालेली ती बोटं चिरलेल्या कडेवरून हळूहळू फिरली, परत आली, नख लावून पुन्हा गेली.

"जोड कुठंय?" तिनं विचारलं.

"तुझ्या बोटाखालीच आहे," मी म्हटलं.

"नाय लागत."

"नाही म्हणूनच लागत नाही."

आईनं बराच वेळ फाक सोडली नाही. मग म्हणाली, "कालच्या जागचा जोड ह्यांना करू दे."

पुंजा चपापला. नाना तर दोन पावलं मागं सरले. "नको. माझ्या हातनं नको," ते म्हणाले.

"तुम्हीच करा," आई म्हणाली. "आगीचा जोड तुम्हाला येतो. काल आग खोटी होती."

आग खोटी नव्हती, पाइप तिच्या जोगा नव्हता. पण ही दुरुस्ती मी गिळली. पुंजानं नानांना आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर सराव करायला लावला. पहिल्यात त्यांनी सवयीनं पिळलं. दुसऱ्यात जास्त वेळ तापवलं, तर आत इतका लगदा आला की भोक बुजायला आलं. तिसरा नीट झाला. मग भिंतीपाशी ते गुडघ्यावर बसले, पुंजा शेजारी. पाइप आत सारला आणि धरून राहिले. पुंजा म्हणाला, "नाना, सोडलं तरी चालेल." नानांनी सोडलं नाही. कडी पार थंड झाल्यावरच त्यांचा हात निघाला.

त्या दिवशी दाबाची चाचणी झाली. गार पाण्यानं झाली, मग मी हट्टानं गरम पाणी भरूनही केली. घड्याळाचा काटा चिकटवल्यासारखा उभा. पुंजानं पाइप भिंतीला धरणारे क्लॅम्प मुद्दाम सैल ठेवले होते, पाइप लांबला तर सरकायला जागा हवी म्हणून. पाइप परत गार झाल्यावर, तो किती सरकतो ते बघायला, त्यानं क्लॅम्पच्या कडेला पाइपावर पेन्सिलीनं एक रेघ मारली.

मग आई उठली. टॉवेल खांद्यावर घेतला, स्टूल कुठं आहे ते चाचपलं, आणि मला म्हणाली, "तू बाहेर." दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी दाराशीच उभी राहिले, कान लावून. आतून काही ऐकू येईना आणि माझा जीव वरखाली होऊ लागला.

"उज्वला!" मागून नानांनी दबक्या आवाजात हाक मारली. मी धावत मागच्या भिंतीशी गेले. नाना उकिडवे बसून पाइपाकडे बघत होते, देवघरात बसतात तसे. पेन्सिलीची रेघ क्लॅम्पपासून बाजूला चालली होती. अगदी हळू, डोळ्यांना जेमतेम कळेल इतकी. भाताच्या रोपासारखा पाइप आमच्यासमोर वाढत होता. सरकून सरकून ती रेघ करंगळीच्या नखाएवढी दूर गेली. जोड जागचा हलला नाही. एक थेंबसुद्धा नाही.

नानांनी तळहात पाइपावर ठेवला. जाड पाइप, ऊब उशिरा बाहेर येते. ते वाट बघत राहिले.

"तिनं गरम पाणी सोडलंय," ते म्हणाले. "आली बघ ऊब. आता तिच्या अंगावर पडत असंल."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खाली बसले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता, आणि मग आईचा, खणखणीत, कित्येक महिन्यांत नव्हता तसा:

"कोण आहे रे तिकडं? माझी अंघोळ चाललीय. व्हा बाजूला!"