निघोज्याचं अठ्ठ्याण्णवचं पुस्तक

शरच्चंद्र काका सोमवारी विसार द्यायचा म्हणून हटून बसले होते. रावेतला राहणारा, कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनियर माणूस. निघोज्यात वीस गुंठे घ्यायचे, पेरूची बाग लावायची, असा बेत. जमीन विकणारा ज्ञानदेव त्यांना सारखा फोन करून सांगत होता की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

"उभं असू दे," मी म्हटलं. "पाय दुखले की बसेल. माझा सर्च रिपोर्ट आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही."

मी वर्षाराणी. चाकणला वकिली करते. कोर्टात उभी राहते कमी, जमिनींचे जुने व्यवहार शोधते जास्त. तीस वर्षांत ही जमीन कुणी कुणाला विकली, गहाण टाकली, बक्षीस दिली, हे निबंधक कार्यालयाच्या सूची दोनमध्ये बघायचं, मग कोर्टात कुणाचा दावा चालू आहे का ते बघायचं. धुळीचं काम. नाक कायम चोंदलेलं. पण जमिनीत नाक खुपसायचं तर एवढं चालायचंच.

गट नंबर ऐकला तेव्हाच मी काकांना सांगितलं, "हा गट मला माहीत आहे. यातलेच अकरा गुंठे माझ्या धाकट्या भावानं घेतलेत, एकोणीस साली. सर्च मीच केला होता. स्वच्छ आहे."

स्वच्छ आहे! केवढ्या तोऱ्यात बोलले होते मी.

खरं तर जुना रिपोर्ट काढून तारीख बदलली असती तरी चाललं असतं. निम्मे वकील तेच करतात. पण काका फीचं पाकीट देताना म्हणाले, "मॅडम, आयुष्यभराची पुंजी आहे." त्यामुळे मला लाज वाटली. चलन भरलं, अर्ज दिला आणि राजगुरूनगरला जुन्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. दोन हजार दोननंतरचं सगळं कॉम्प्युटरवर मिळतं. त्याआधीचं हातानं लिहिलेलं, गाववार. एकेक पान बोटानं उलटायचं.

अठ्ठ्याण्णवचं पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर होतं. शिडी आणली, चढले, पुस्तक काढलं. निघोजे. चौथं पान. खरेदीखत. लिहून देणार आबाजी, म्हणजे ज्ञानदेवचा बाप. लिहून घेणार गवराबाई. क्षेत्र चाळीस गुंठे. गट तोच. पुढे दस्ताचा नंबर, तारीख, सगळं निळ्या शाईत, कालच लिहिल्यासारखं.

चाळीस गुंठे म्हणजे तो अख्खा गट.

मी तशीच शिडीवर बसले. आबाजीनं अख्खी जमीन अठ्ठ्याण्णवलाच विकली होती. मग एकोणीस साली ज्ञानदेवनं माझ्या भावाला काय विकलं? हवा? आणि मी तेव्हा हे पान कसं पाहिलं नाही?

कसं पाहिलं नाही ते मला चांगलं आठवत होतं. भावाचा, भिवाचा, फोनवर फोन येत होता, "अक्का, झालं का? परवा खरेदी हाय." शिपाई जेवायला गेला होता. शिडी सापडत नव्हती. घरचं काम, फी नाही, वर घाई. आमच्या धंद्यात रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. 'सदर कालावधीतील सूचीची काही पाने फाटलेली असल्याने पाहणीस उपलब्ध झाली नाहीत.' पुष्कळदा ती खरी असते, पानं खरोखरच वाळवीनं खाल्लेली असतात. मी ती ओळ चिकटवली, वर सन १९९८ घातलं आणि सही ठोकली. परक्याच्या कामात असं कधी केलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या कामात केलं.

पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

तिथूनच मोबाइलवर कोर्टाचं बघितलं. ज्ञानदेवचं नाव टाकलं. खेड, म्हणजे राजगुरूनगरचं दिवाणी न्यायालय, दावा बावीस सालचा. वादी गवराबाई. प्रतिवादी एक ज्ञानदेव. प्रतिवादी दोन भिवा. माझा भिवा.

तीन वर्षं! तीन वर्षं हा दावा चालू होता आणि दर रविवारी मी त्याच्या घरी जेवत होते. आईही तिथंच असते. एका शब्दानं कुणी बोललं नाही.

काकांच्या वतीनं अर्ज करून दुसऱ्या दिवशी मी फाइल बघायला मिळवली. गवराबाईंचं म्हणणं साधं होतं. जमीन नवऱ्याच्या फंडाच्या पैशातून घेतली. सातबाऱ्यावर नाव मी लावून देतो म्हणून आबाजी बोलले, यांनी विश्वास ठेवला, नाव कधी लागलंच नाही. आबाजीच वाट्यानं कसायचे, वर्षाला बाजरीची दोन पोती पाठवायचे. ते गेले आणि पोती बंद झाली. मूळ खरेदीखत घर बदलताना गहाळ. वर्ष मात्र बाईंनी बरोबर सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव.

मग त्यांच्या वकिलानं नक्कल का काढली नाही? ते पुढच्या कागदांत कळलं. प्रतिवादीच्या यादीत तिसरा कागद म्हणजे माझा रिपोर्ट. माझी सही, माझा शिक्का. 'सन १९९८, पाने फाटलेली.' त्यावर भरवसा ठेवून तो गृहस्थ पुस्तकाकडे गेलाच नाही. एका वकिलानं न बघता लिहिलं, दुसऱ्यानं न बघता मानलं. आणि ज्ञानदेव शपथेवर सांगत होता की असा दस्त कधी झालाच नाही.

फाइल बंद केली. राग कुणाचा येत होता कोण जाणे. माझाच असावा.

संध्याकाळी निघोज्याला गेले. त्याच अकरा गुंठ्यांत भिवाचं घर, पुढे तीन खोल्या, मागे भाड्याच्या सहा. कुरुळीची आमची जमीन कंपनीत गेली, त्याचे सगळे पैसे या घरात. आई ओट्यावर शेंगा निवडत होती. भाडेकरू पोरं शिफ्टला निघाली होती.

"दाव्याचं मला का नाही सांगितलंस?" मी भिवाला मागच्या बाजूला नेऊन विचारलं.

तो म्हणाला, "वकील म्हणला, बहिणीला यात आणू नका. तिचा कागदच आपला आधार हाय."

"तो कागद खोटा आहे, भिवा. पुस्तक धड आहे. मी काल हातात घेतलं. गवराबाईचं नाव आहे त्यात."

"तुला कुणी सांगितलं व्हतं बघायला?"

"काय बोलतोयस तू!"

"खरं तेच. तवा बघायचं व्हतं तर बघितलं न्हाईस. आता बघायचं न्हाई तर बघितलंस." त्याचा आवाज फाटला. "अक्का, परत तसंच लिही की. फाटलंय म्हण. एकदा लिवलंसच की."

मला वाटलं कानाखाली द्यावी. दुसऱ्या क्षणी वाटलं, आपल्याच कानाखाली द्यावी. तो चुकीचं बोलत होता आणि एकही शब्द खोटा नव्हता. मागच्या खोल्यांच्या दारांवर त्यानं स्वतः रंग दिला होता. पाण्याची टाकी गेल्या महिन्यात बसवली होती. समोर ओढा, मागे कंपनीची भिंत.

"वर्षे, जेवून जा गं," आईनं हाक मारली. मी जेवले.

रविवारी रिपोर्ट लिहायला बसले. शेवटची ओळ आपोआपच येते, जुन्या फाइलवरूनच नवी करते ना मी. 'काही पाने फाटलेली असल्याने.' ती तशीच राहू दिली असती तर? काकांना तोंडी सांगितलं असतं, काका, ही जमीन नको, दुसरी बघू. काका वाचले असते. भिवा वाचला असता. माझी वकिलीची सनदही वाचली असती. फक्त एक म्हातारी राहिली असती, तिला मी ओळखतही नव्हते. अर्धा तास मी हाच हिशोब घालत बसले, देवाशपथ.

मग ती ओळ खोडली आणि दस्ताचा नंबर लिहिला. दाव्याचा नंबरही लिहिला. घेणाऱ्यानं दावा चालू असताना जमीन घेतली तर निकाल त्यालाही बंधनकारक राहील, हेही. काकांनी दोनदा वाचलं. मी त्यांना माझ्या जुन्या रिपोर्टचंही सांगितलं, आणि गवराबाईंना नंबर कळवू का विचारलं.

"सरकारी पुस्तकातलंच आहे ना ते?" काका म्हणाले. "मग माझी परवानगी कशाला?" माझ्याकडे न बघता त्यांनी चष्मा पुसला. "फी परत नको मला. पण पुढचं काम मी दुसरीकडे देईन."

द्यावंच त्यांनी.

बुधवारी तारीख होती. राजगुरूनगरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात गवराबाई बाकावर बसल्या होत्या. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. त्यांच्या वकिलाशी आधी बोलले. तो ओशाळला, आणि मग म्हणाला, "तुम्हीच सांगा त्यांना." मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"हा तुमच्या खरेदीखताचा नंबर. याची नक्कल मिळेल, सही-शिक्क्याची."

त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "पर ते पुस्तक फाटलंय म्हणं."

"नाही फाटलेलं, मावशी. धड आहे."

"मंग फाटलंय म्हणून कुणी लिवलं?"

व्हरांड्यात माणसांची ये-जा चालू होती. समोरच्या खांबाला टेकून भिवा उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"मी," मी म्हटलं. "न बघता लिहिलं."

त्या रागावतील, शिव्या देतील, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. "तीन वरीस मी खोटी ठरले," त्या म्हणाल्या. "माझी लेकसुदीक म्हणायची, आये, तुला नीट आठवत न्हाई."



"साक्षीला तुमाला यावं लागंल," त्यांचा वकील म्हणाला.

"येईन."

पुकारा झाला. गवराबाई चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून आत गेल्या. भिवा माझ्याजवळ येऊन थांबला. मला वाटलं आता ओरडेल. तो हळू आवाजात बोलला, लहानपणी काही फोडलं की बोलायचा तसा.

"आईला तूच सांग, अक्का," तो म्हणाला आणि त्यांच्या मागोमाग आत गेला.